गच्चीवर टाकी आणि सौर पॅनेल : सावली, वाट आणि उतार यांची आखणी

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरते तेव्हा पाण्याची टाकी बहुधा तेथे आधीपासूनच उभी असते, आणि तिची जागा सूर्याचा विचार न करता, नळांच्या सोयीने, खालच्या खांबांप्रमाणे किंवा वास्तुशास्त्राच्या आग्रहामुळे ठरलेली असते. पॅनेल बसवणारा कंत्राटदार उरलेली मोकळी जागा टेपने मोजतो आणि तीत किती पॅनेल मावतील ते सांगतो. ही मोजणी खोटी नसते, पण अपुरी असते. कारण मोकळ्या दिसणाऱ्या जागेचा एक भाग डिसेंबरच्या दुपारी टाकीच्या सावलीत जातो, एका भागावरून पावसाचे पाणी वाहत असते आणि एक भाग टाकी धुणाऱ्या किंवा पॅनेल पुसणाऱ्या माणसाला उभे राहण्यासाठी लागतो. या तिन्ही गरजांसाठी वेगवेगळी जागा राखायची म्हटले तर मध्यम आकाराची गच्ची पुरत नाही. मात्र सावलीसाठी सोडलेले अंतर माणसाच्या वाटेला आणि पाण्याच्या वाटेलाही उपयोगी पडेल अशी आखणी केली, तर तीच गच्ची पुरून उरते. ही आखणी कशी करावी, हे येथे पुण्यातील एका नमुनेदार बंगल्याच्या आधारे मांडले आहे. बंगला कल्पित असला, तरी त्याची मापे नेहमीच्या बांधकामात आढळतात तशीच धरली आहेत.

सावलीचे गणित

महाराष्ट्रात सूर्याचा मार्ग वर्षभरात बराच सरकतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला आणि क्षितिजापासून केवळ ४८ अंश उंच असतो, तर मेच्या मध्यावर तो डोक्यावर येऊन काठीची सावली काठीच्या पायाशीच पडते. हाच तेथील शून्य सावली दिवस होय. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून वस्तूची सर्वांत लांब आणि त्रासदायक सावली हिवाळ्यात उत्तरेकडे पडते, आणि आखणी करताना डिसेंबरचा सूर्य हाच निकष मानावा लागतो.

निकष दिवसभराचा नसतो. सूर्य अगदी खाली असताना सावल्या कितीही लांबत असल्या तरी त्या वेळी वीजही थोडीच बनते. म्हणून सूर्याच्या माध्यान्हीच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन तास पॅनेल पूर्ण उन्हात राहावे, एवढी अट पुरेशी धरतात. माध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली असल्याने पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य बाराच्या सुमारे अर्धा तास नंतर माथ्यावर येतो. त्यामुळे जपायची वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन अशी येते.

या वेळेच्या दोन्ही टोकांना सूर्य पुण्यात २९ अंश उंच असतो आणि दक्षिणेपासून ४८ अंश बाजूला, म्हणजे सकाळी जवळपास आग्नेयेला व दुपारी जवळपास नैर्ऋत्येला असतो. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो : वस्तू पॅनेलच्या खालच्या कडेहून जितकी उंच असेल त्याच्या १.२ पट अंतरापर्यंत तिची सावली उत्तरेकडे आणि १.३ पट अंतरापर्यंत पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे पोचते. गोव्यात सूर्य थोडा उंच असल्याने हे आकडे साधारण १.१ आणि १.२५ होतात, नागपुरात १.३ आणि १.४. येथे मोजायची उंची गच्चीच्या जमिनीपासूनची नव्हे, तर पॅनेलच्या खालच्या कडेपासूनची असते, हे विसरले की हिशेब चुकतो. या उंचीला पुढे ‘उरलेली उंची’ म्हटले आहे. पॅनेल जमिनीपासून अर्धा मीटर वर उचलले, तर एक मीटर उंचीच्या कठड्याची उरलेली उंची अर्धाच मीटर राहते आणि दक्षिणेच्या कठड्यापासून साठ सेंटिमीटर सोडले की पुरते. तेच पॅनेल जमिनीलगत ठेवले, तर अंतर सव्वा मीटरच्या जवळ जाते.

थोड्याशा सावलीची एवढी धास्ती घेण्याचे कारण पॅनेलच्या रचनेत आहे. पॅनेलमधील सेल म्हणजे वीज बनवणाऱ्या चकत्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात आणि अशा साखळीतून जाणारा प्रवाह तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या सेलएवढाच राहतो. सावलीतल्या सेलने साऱ्या पॅनेलला अडवू नये म्हणून पॅनेलचे उभे तीन भाग पाडून प्रत्येकाला बायपास डायोड दिलेला असतो. हा डायोड अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतो. उभ्या बसवलेल्या आजच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलवर कडेने आलेली, एका भागापुरती सावली त्यामुळे सुमारे एक तृतीयांश वीज घेते, तर कठड्याची खालून चढणारी सावली तिन्ही भागांना एकदम गाठून निम्म्यापर्यंत वीज घेऊ शकते. हातभर रुंदीची सावली म्हणजे हातभर जागेचे नुकसान, असा हिशेब येथे लागू पडत नाही. उलट बारीक वस्तूंचा बाऊ करण्याचे कारण नाही. सूर्यबिंबाला स्वतःची रुंदी असल्यामुळे बोटभर जाडीच्या सळईची सावली एक-दोन मीटर अंतरावर पुसट होते. धोका टाकीचा, जिन्याच्या खोलीचा आणि शेजारच्या इमारतीचा असतो.

दिशा ठरवण्यासाठी होकायंत्र वापरायचे असेल तर ते लोखंडी स्टँडपासून आणि कठड्यातील सळ्यांपासून दूर धरावे, कारण लोखंड त्याची सुई ओढते. त्याहून भरवशाचा मार्ग गवंड्याच्या ओळंब्याचा आहे. ओळंबा टांगून माध्यान्हीच्या क्षणी त्याच्या दोरीची सावली खडूने आखली की नेमकी दक्षिणोत्तर रेषा मिळते. पुण्यात हा क्षण वर्षभरात सुमारे १२.१९ ते १२.४९ या दरम्यान फिरतो, म्हणून त्या दिवसाची वेळ पंचांगातील सूर्योदय व सूर्यास्त यांचा मध्य काढून ठरवावी. मे ते जुलै या काळात सावलीच फारशी पडत नसल्याने ही रीत तेव्हा निरुपयोगी ठरते.

एका गच्चीचा आराखडा

नमुन्याची गच्ची पूर्व-पश्चिम १२ मीटर आणि दक्षिणोत्तर ९ मीटर आहे. कठडा एक मीटर उंच आहे. ईशान्य कोपऱ्यात जिन्याची खोली असून ती तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल आणि २.४ मीटर उंच आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यात दीड मीटर उंचीच्या लोखंडी स्टँडवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आहे. तिचा व्यास १.१ मीटर आणि उंची सव्वा मीटर, म्हणजे तिचा माथा जमिनीपासून २.७५ मीटरवर आहे. नैर्ऋत्येला जड वस्तू असावी या समजुतीने महाराष्ट्रातील असंख्य टाक्या याच कोपऱ्यात आढळतात, आणि नेमका हाच कोपरा दुपारच्या हिवाळी सूर्याच्या वाटेत येतो. गच्चीचा उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे असून पावसाचे पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची दोन तोंडे उत्तरेच्या कठड्याशी आहेत : एक वायव्य कोपऱ्यात, दुसरे जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेला.

घरासाठी तीन किलोवॉटची यंत्रणा हवी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांचे कमाल अनुदान तीन किलोवॉटलाच मिळते, त्यामुळे हा आकडा घरोघरी ऐकू येतो. ५४० वॉटची सहा पॅनेल त्यासाठी पुरतात. प्रत्येक पॅनेल २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. ती उभी, एकाच रांगेत, दक्षिणेकडे तोंड करून १५ अंशांच्या तिरप्याने बसवली तर रांग सुमारे ६.९ मीटर लांब आणि २.२ मीटर खोल होते, आणि मागची कड पुढच्या कडेपेक्षा साठ सेंटिमीटर वर जाते.

कंत्राटदाराचा सहज सुचणारा आराखडा असा असतो की रांग पश्चिमेच्या कठड्याजवळ, टाकीच्या मागे म्हणजे उत्तरेला मांडावी, कारण तेथून वीजतार खाली नेणे सोपे जाते आणि गच्चीचा पूर्व भाग वाळवणाला मोकळा राहतो. वर दिलेला हिशेब येथे लावून पाहावा. टाकीचा माथा २.७५ मीटर आणि पॅनेलची खालची कड अर्धा मीटर, म्हणजे उरलेली उंची २.२५ मीटर झाली. सावली उत्तरेकडे २.७ मीटरपर्यंत आणि दुपारी पूर्वेकडे तीन मीटरपर्यंत जाणार. या आराखड्यात माध्यान्हीपासून दुपारभर कोणते ना कोणते पॅनेल सावलीत राहील : माध्यान्ही टाकीच्या थेट मागचे आणि दुपारी त्याच्या पूर्वेकडची.

पहिला पर्याय टाकी न हलवण्याचा आहे. रांग दक्षिणेच्या कठड्यापासून नव्वद सेंटिमीटरवर मांडावी आणि तिची पश्चिमेची कड टाकीच्या पूर्व बाजूपासून तीन मीटर दूर ठेवावी. टाकी पश्चिमेच्या कठड्यापासून तीस सेंटिमीटरवर असल्याने तिची पूर्व बाजू १.४ मीटरवर येते. म्हणजे रांग ४.४ मीटरवर सुरू होऊन ११.३ मीटरवर संपते आणि पूर्वेच्या कठड्यापर्यंत सत्तर सेंटिमीटर उरतात. त्या कठड्याच्या सकाळच्या सावलीसाठी पासष्ट लागतात. आराखडा बसतो, पण जेमतेम. शिवाय हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेलाच असल्याने टाकीची सावली थेट पूर्वेकडे कधीच पडत नाही, हे खरे असले तरी एप्रिलमध्ये दुपारी तो बरोबर पश्चिमेला येतो आणि त्या वेळी सावली सरळ रांगेवर चालून येते. माध्यान्हीनंतर तीन तासांनी ती सव्वादोन मीटर असते, चार तासांनी पावणेचार. म्हणजे एप्रिलच्या दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेचे एखादे पॅनेल सावलीत जाईल. हे नुकसान किरकोळ असून सोसण्यासारखे आहे, मात्र ते होणार आहे हे आधी ठाऊक असावे.

दुसरा पर्याय टाकी जिन्याच्या खोलीच्या छतावर नेण्याचा आहे आणि शक्य तेथे तोच स्वीकारावा. तेथे टाकीचा माथा जमिनीपासून चार मीटरच्या आसपास जातो, तरी तिची हिवाळी सावली उत्तरेला, गच्चीबाहेर पडते. फक्त जूनच्या सकाळी, सूर्य ईशान्येकडे सरकलेला असताना, तिची थोडी सावली दक्षिणेकडे येते. माध्यान्हीच्या चार तास आधी ती उरलेल्या उंचीच्या ०.४ पट, म्हणजे येथे १.४ मीटर असते. पॅनेलची रांग दक्षिणेच्या कठड्यापासून ३.१ मीटरवर संपते आणि जिन्याची खोली साडेसहा मीटरवर सुरू होते, तेव्हा मध्ये ३.४ मीटर मोकळे असतात. सावलीचा प्रश्नच उरत नाही आणि रांग पूर्व-पश्चिम कोठेही सरकवता येते. टाकीचा तळ सव्वा मीटरने वर गेल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या नळाचा दाबही वाढतो. टाकी नैर्ऋत्येलाच हवी असा घरात आग्रह असेल तर पहिला पर्याय आहेच. पॅनेल टाकीच्या उत्तरेला न मांडता पूर्वेला मांडली की दोन्ही गोष्टी सांभाळता येतात.

सौर बंब असलेल्या घरात एक जास्तीची अडचण असते. थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा वर असावी लागते, कारण गरम पाणी तिच्याच दाबाने खाली येते. म्हणून स्टँड उंच होतो आणि सावली लांबते. बंबही दक्षिणाभिमुख हवा असल्याने दक्षिणेच्या पट्ट्यासाठी दोघांत स्पर्धा होते. अशा वेळी बंब रांगेच्या ओळीतच, तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, स्वतःच्या सावलीचे अंतर राखून बसवावा. त्याच्या वाफेची नळी बारीक असल्याने तिची फारशी काळजी करू नये.

वजन कोठे टेकते

टाकी हलवण्यापूर्वी तिचे वजन लक्षात घ्यावे. वावरासाठी खुल्या गच्चीच्या स्लॅबवर लोक व सामान यांचा भार भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो धरतात. भरलेली हजार लिटरची टाकी एका चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर हजार किलोंहून अधिक भार टाकते. म्हणून ती स्लॅबच्या मध्यावर कधीच ठेवू नये. स्टँडचे पाय खांबावर, निदान बीमवर यावेत. जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यांत खांब आहेत की छत नुसत्या विटांच्या भिंतींवर आहे, हे बांधकामाच्या नकाशावरून पाहावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे.

पॅनेलांचा प्रश्न याच्या उलट आहे. एक पॅनेल सुमारे अठ्ठावीस किलोंचे, म्हणजे चौरस मीटरला अकरा किलोंच्या आसपास असते. सांगाडा धरूनही हे वजन थोडेच भरते. त्यांना भीती वाऱ्याने उचलले जाण्याची. पुण्यासाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे आणि त्याचा मूळ दाब चौरस मीटरला नव्वद किलोंच्या वर जातो. मुंबईसाठी वेग ४४ मीटर असून दाब सव्वाशेच्या जवळ पोचतो. उत्तरेकडून, म्हणजे तिरप्या रांगेच्या उघड्या पाठीकडून आलेला वारा तिला वर ढकलतो. म्हणून सांगाड्याचे पाय बांधकामात पक्के धरलेले असावे लागतात.

येथेच महाराष्ट्रातील गच्च्यांवर एक हमखास चूक होते. येथील बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. जलरोधासाठी आणि उतार देण्यासाठी घातलेला हा थर दहा ते पंधरा सेंटिमीटर जाड असू शकतो. कामगार दहा सेंटिमीटरचा बोल्ट ठोकतो तेव्हा तो स्लॅबपर्यंत पोचतच नाही, कोब्यातच संपतो. त्यामुळे पकड मिळत नाही आणि जलरोध मात्र फुटतो. पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल येते, आणि गळती बोल्टच्या थेट खाली न दिसता कोब्यातून वाहत भलतीकडे दिसत असल्याने दोष कोणाचा यावर वाद होतो. योग्य रीत अशी की पायाच्या जागी कोबा चौकोनी कापून स्लॅब उघडा करावा, त्यावर साधारण तीस सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा चौथरा ओतून त्यात बोल्ट आधीच बसवावेत, आणि चौथऱ्याभोवती जलरोधाचा थर वर चढवून पायथ्याशी गोलाई द्यावी, जशी कठड्याच्या पायथ्याशी गवंडी देतात. कोबा फोडायचा नसेल तर जड काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवण्याचा पर्याय उरतो. पण वाऱ्याला पुरे पडतील इतके ठोकळे ठेवले की स्लॅबवरचा भार वाढतो आणि पाण्याची वाटही अडते. निवड इंजिनिअरने करावी, ती कामगाराच्या सोयीवर सोडू नये.

पाण्याची वाट

गच्चीचा उतार सहसा शंभरास एक असतो. नमुन्याच्या गच्चीत नऊ मीटर लांबीत तो केवळ नऊ सेंटिमीटर होतो. इतक्या थोड्या उतारावर दोन सेंटिमीटरची आडवी वस्तूही उताराच्या वरच्या बाजूला दोन मीटरपर्यंत पाणी तुंबवून ठेवते. म्हणून ठोकळे किंवा चौथरे उतारावर आडवे येऊ नयेत. उतार उत्तरेकडे असेल तर लांबट ठोकळ्यांची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवावी आणि दोन ठोकळ्यांमध्ये झाडू सहज जाईल एवढी फट राखावी. याहून अधिक दुर्लक्ष होते ते जमिनीवर आडव्या टाकलेल्या वीजतारांच्या नळ्यांकडे आणि टाकीतून निघणाऱ्या पाण्याच्या पाइपांकडे. पूर्व-पश्चिम जाणारी पंचवीस मिलिमीटरची नळी उत्तरेकडच्या उतारावर बांधासारखी काम करते. तिच्या मागे माती साचते, मातीत शेवाळ धरते आणि काही वर्षांत तेथेच कोब्याला भेग पडते. या नळ्या सांगाड्याच्या पायांना धरून न्याव्यात, कठड्याच्या आतल्या बाजूने वरच्या वर वळवाव्यात, आणि वाट ओलांडावीच लागली तर जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर आधारांवर टेकवाव्यात. तेथे पाय अडखळू नये म्हणून त्यांवर छोटी पायरी बांधावी.

खरा उतार कोठे आहे हे कागदावरून ठरवू नये. काम सुरू होण्यापूर्वी दक्षिणेच्या कठड्याजवळ आठ-दहा बादल्या पाणी ओतून ते कोणत्या वाटेने जाते ते पाहावे, आणि अर्ध्या तासाने जेथे डबकी उरतील त्यांच्या कडा खडूने आखाव्यात. आखलेल्या जागी एकही पाया येता कामा नये. आधीच डबके धरणारी जागा कोबा दुरुस्त करूनच पॅनेलखाली झाकावी, कारण नंतर तेथे गवंड्याला वाकून काम करता येत नाही.

पॅनेलांमुळे पावसाचे पाणी पडण्याची रीतही बदलते. पंधरा चौरस मीटरांवर पडलेला पाऊस खालच्या कडेवरून सात मीटर लांबीच्या एकाच रेषेत धारेने पडू लागतो. नमुन्याच्या गच्चीत ही धार दक्षिणेकडे पडून पॅनेलखालूनच उत्तरेकडे वाहते, तेव्हा पॅनेलखालची जमीन पावसाळाभर ओली राहते. तेथे पालापाचोळा आणि पारव्यांच्या घरट्यातील काड्या साचतात आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर त्या पाइपाच्या जाळीशी जाऊन बसतात. खालची कड अर्धा मीटर वर ठेवण्याचे हे दुसरे कारण : लांब दांड्याचा झाडू पॅनेलखाली फिरला पाहिजे. पाइपाच्या तोंडाभोवती निदान साठ सेंटिमीटरची जागा पूर्ण मोकळी ठेवावी, म्हणजे भर पावसात जाळी साफ करणाऱ्याला तेथे बसता येईल.

टाकीचा ओव्हरफ्लो म्हणजे जादा पाणी सोडणारी नळी हा छोटा तपशील पुष्कळदा राहून जातो. ती मोकळी सोडली आणि टाकी पॅनेलजवळ असली, की वाऱ्याने उडालेले पाणी काचेवर पडते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब उन्हात सुकले की पांढरे डाग धरतात आणि ते नुसत्या फडक्याने निघत नाहीत. ही नळी पाइपाच्या तोंडापर्यंत खाली आणावी, पण तिचे टोक दिसेल असे ठेवावे; पंप बंद करायचा राहिला, हे त्यावरूनच कळते.

माणसाची वाट

वाटेसाठी नव्वद सेंटिमीटर चांगले, साठ किमान. या गच्चीत दक्षिणेकडे कठड्याच्या सावलीसाठी साठ लागत होते, तेथे नव्वद ठेवले, म्हणून सावलीचेच अंतर पुसणाऱ्याची वाट झाले आणि तेथे पडणारी धारही मोकळ्या जागेत पडून वाहू लागली. सव्वादोन मीटर लांबीचे पॅनेल एका बाजूने पूर्ण पुसता येत नाही. अर्धे दक्षिणेकडून आणि अर्धे उत्तरेकडून, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने पुसतात. म्हणून रांगेची मागची बाजू कशालाही चिकटवू नये. पुसण्यासाठी नळाची एक तोटी रांगेजवळ काढून घ्यावी आणि पुसणे सकाळी लवकर करावे, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे चांगले नाही. पूर्वेकडे उरलेल्या सत्तर सेंटिमीटरांत रोजची वाट धरू नये. पॅनेलची कड आणि कठडा यांच्या चिंचोळ्या जागेत तोल गेला तर हात टेकायला काचच असते.

टाकीची वाट बहुधा विसरली जाते, कारण टाकी सहा महिन्यांतून एकदा धुतली जाते. झाकणाच्या वर माणसाला वाकून आत हात घालता येईल एवढी, म्हणजे पाऊण मीटर मोकळी उंची हवी, आणि शिडीचा पाय पक्क्या जागी टेकला पाहिजे. टाकी जिन्याच्या खोलीवर नेली तर भिंतीत कायमची लोखंडी शिडी बसवावी आणि छताला कडेने गुडघ्याहून उंच रेलिंग द्यावे. हा खर्च टाळला की टाकी धुणेच टाळले जाते. जिन्याचे दार बाहेर उघडत असेल तर त्याच्या पूर्ण फिरण्याची जागा आणि तेथून दोन्ही पाइपांच्या तोंडांपर्यंतची सरळ वाट आराखड्यात रंगवून ठेवावी.

ज्यांना गच्ची बसण्या-वाळवण्यासाठी हवीच आहे, ते पॅनेल अडीच मीटर उंच सांगाड्यावर बसवतात. त्यात कठड्यांची सावली संपते, खाली सावलीची जागा मिळते, आणि टाकीचा स्टँड बुटका ठेवला तर टाकीही सांगाड्याखाली घेता येते. विदर्भात मे महिन्यात नळाला येणारे कढत पाणी यामुळे बरेच निवते. मात्र उंचीबरोबर वाऱ्याचा जोर पायांवर कितीतरी वाढतो, त्यासाठी चौथरे मोठे लागतात, पुसण्यासाठी वर चढण्याची पायवाट बांधावी लागते, आणि इतक्या उंच सांगाड्याला परवानगी लागते का हे स्थानिक पालिकेकडे आधी विचारावे लागते. सांगाड्याखाली पत्रा लावून खोली करण्याचा मोह अनेकांना होतो. तो बांधकाम नियमांच्या कक्षेत जातो.

चुकले असेल तर कसे कळेल

पॅनेल बसल्यावर इन्व्हर्टरच्या ॲपमधील दिवसाचा आलेख पाहावा. निरभ्र दिवशी तो घुमटासारखा सलग वर जाऊन उतरतो. ढगांमुळे पडणाऱ्या खाचा रोज वेगळ्या वेळी पडतात. सावलीची खाच मात्र निरभ्र दिवशी रोज त्याच वेळी दिसते आणि आठवड्यागणिक हळूहळू सरकते. नोव्हेंबर ते जानेवारी अशी खाच दिसली तर त्या वेळी गच्चीवर जाऊन सावली कोणत्या पॅनेलवर, कोणत्या कडेवर आहे ते पाहावे आणि तिची कड खडूने आखावी. उपाय बहुधा पॅनेल हलवण्यापेक्षा टाकीकडेच सापडतो : स्टँडची उंची नळाच्या दाबासाठी लागते तेवढीच ठेवणे, किंवा एका उंच टाकीऐवजी पाचशे लिटरच्या दोन बुटक्या टाक्या तळाशी जोडून वापरणे. माथा चाळीस सेंटिमीटरने खाली आला तरी पुण्यात सावली उत्तरेकडे जवळपास अर्धा मीटर आखडते, आणि पॅनेलचा तिसरा भाग मोकळा करायला बहुतेक वेळा तेवढे पुरते.